एकवीस अंक देऊनही दोन उत्तरं: पाच बाय पाचचं कोडं हाताने कसं रचावं

ठाण्यात चरईतल्या आमच्या सोसायटीत गणपतीच्या दिवसांत दुपारी मुलांसाठी एक कोड्याचा कागद निघतो. तो मी काढते. पाच बाय पाचचा चौकोन, त्यात काही अंक आधीच लिहिलेले, बाकीची घरं रिकामी. प्रत्येक आडव्या ओळीत आणि प्रत्येक उभ्या स्तंभात १ ते ५ हे अंक एकेकदाच यायला हवेत, एवढाच नियम. सुडोकूसारखे आतले छोटे चौकोन नाहीत, त्यामुळे सहावी-सातवीतल्या मुलांना समजावून सांगायला दोन मिनिटं पुरतात.

दोन वर्षांपूर्वी एका मुलाने सोडवलेला कागद मी माझ्या उत्तराशी ताडून पाहिला आणि बक्षिसाची कंपासपेटी त्याच्या हातात दिली. शेजारी उभी असलेली सातवीतली मुलगी म्हणाली, "काकू, माझा कागद तुम्ही चूक म्हणालात, पण यात चूक काय आहे ते सांगा ना." मी एकेक ओळ तपासली, एकेक स्तंभ तपासला. चूक नव्हतीच. तिचं उत्तर माझ्या उत्तरापेक्षा चार घरांत वेगळं होतं आणि तरीही पूर्ण बरोबर होतं. दुसरी कंपासपेटी तिला त्याच संध्याकाळी आणून दिली. पण चूक माझी होती आणि ती का झाली हे मला समजून घ्यायचं होतं. पुढे जे लिहिलंय ते त्यातूनच आलंय. कोडं सोडवणाऱ्याला कधी जाणवत नाही, पण रचणाऱ्याचं निम्मं काम याच एका गोष्टीत असतं: उत्तर एकच निघतं याची खात्री.

आधी अख्खा चौकोन भरा

कोडं रचताना सुरुवात उत्तरापासून करायची. पंचवीसही घरं भरलेला चौकोन आधी तयार हवा. तो भरताना इथे एक, तिथे एक असे अंक टाकत गेलात तर अडकाल. पहिल्या ओळीत १ २ ३ ४ लिहून पाचवं घर रिकामं ठेवा आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटच्या घरात ५ लिहा. कुठलाही नियम मोडलेला नाही, पण पहिल्या ओळीच्या पाचव्या घरात आता काहीच बसत नाही. ओळीत ५ उरलाय आणि स्तंभात ५ आधीच आहे. पाच अंकांतच चौकोन मेला.

त्याऐवजी एक ओळ पूर्ण करूनच पुढच्या ओळीला हात घाला. अशा पूर्ण ओळी कितीही झाल्या असल्या, तरी त्यांच्याखाली आणखी एक योग्य ओळ नेहमीच बसते. हे मार्शल हॉल यांनी १९४५ साली सिद्ध केलंय. एखाद्या ओळीच्या आत एखादा अंक खोडून मागे यावं लागेल, पण वरच्या पूर्ण झालेल्या ओळींना हात लावायची वेळ येणार नाही.

मी यंदा भरलेला चौकोन असा आहे:

```
१ २ ३ ४ ५
२ १ ४ ५ ३
३ ५ १ २ ४
४ ३ ५ १ २
५ ४ २ ३ १
```

पहिली ओळ लिहून प्रत्येक पुढची ओळ एकेक घर सरकवत जायची, १ २ ३ ४ ५ खाली २ ३ ४ ५ १, ही सोपी युक्ती सगळ्यांना सुचते. मुलांच्या कागदासाठी ती मी टाळते. तिरक्या रेषेत तोच तोच अंक दिसू लागला की चाणाक्ष मूल विचार न करता बाकीचा चौकोन सरकवत भरून टाकतं.

अशा भरलेल्या चौकोनाला लॅटिन चौकोन म्हणतात, कारण अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर यांनी यावर लिहिताना घरांत लॅटिन अक्षरं वापरली होती. असे दोन चौकोन एकावर एक ठेवून अक्षरांची प्रत्येक जोडी एकदाच येईल अशी मांडणी ६, १०, १४ अशा मापांना जमणारच नाही, असा ऑयलर यांचा कयास होता. ६ च्या बाबतीत तो खरा निघाला. पण १० पासून पुढे तो चूक आहे हे १९५९ साली ज्या तिघांनी दाखवून दिलं, त्यांतले एक शरदचंद्र शंकर श्रीखंडे. राजचंद्र बोस आणि ई. टी. पार्कर हे दुसरे दोघे. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख होते. आपल्या माणसाचं नाव या चौकोनाशी इतकं जवळून जोडलेलं आहे, हे मी मुलांना दर वर्षी सांगते.

दोन उत्तरं येतात कुठून

घरांना नाव द्यायची सोय करून घेऊ. ३-५ म्हणजे तिसऱ्या ओळीतलं पाचवं घर. आधी ओळ, मग स्तंभ.

वरच्या चौकोनाचा डावा वरचा कोपरा पाहा. १-१ मध्ये १, १-२ मध्ये २, आणि त्यांच्याखाली २-१ मध्ये २, २-२ मध्ये १. ही चार घरं पुसून टाका आणि बाकीची एकवीस तशीच ठेवा. आता सोडवणारा काय करेल? तो वरती १ २ आणि खाली २ १ लिहू शकतो, किंवा वरती २ १ आणि खाली १ २. पहिल्या ओळीला १ आणि २ मिळाल्याशी मतलब, दुसऱ्या ओळीलाही तेच, आणि दोन्ही स्तंभांनाही तेच. एकवीस अंक हातात असूनही उत्तरं दोन. त्या वर्षीच्या माझ्या कागदात हेच झालं होतं. दिलेले अंक बारा होते, पण अशा एका चौकडीत त्यांतला एकही नव्हता.

म्हणजे किती अंक दिले यापेक्षा कुठे दिले याला महत्त्व आहे. चौकोनात अशा अदलाबदलीच्या जागा लपलेल्या असतात आणि त्या प्रत्येक जागेत किमान एक अंक दिलेला असायलाच हवा. एक पुरतो. चौकडीतलं एक घर पक्कं झालं की उरलेली तीन आपोआप पक्की होतात.

या जागा नुसत्या नजरेने शोधायला गेलं तर हमखास काहीतरी सुटतं. त्यासाठी दोन ओळी घेऊन फेरा धरायचा. पहिली आणि दुसरी ओळ एकाखाली एक ठेवा:

```
१ २ ३ ४ ५
२ १ ४ ५ ३
```

पहिल्या स्तंभापासून निघा. वर १, खाली २. आता वरच्या ओळीत २ कुठे आहे? दुसऱ्या स्तंभात, आणि त्याच्याखाली १. आपण १ पासून निघून १ वर परत आलो. फेरा दोन स्तंभांत मिटला, ती आपली चौकडी. उरलेल्या स्तंभांत वर ३, खाली ४. वरचा ४ शोधा, त्याच्याखाली ५. वरचा ५ शोधा, त्याच्याखाली ३. हा फेरा तीन स्तंभांत मिटला. या तीन स्तंभांत वरचे अंक खाली आणि खालचे वर केले, तरी दोन्ही ओळींत ३, ४, ५ च राहतात आणि स्तंभांतही काही बदलत नाही. म्हणजे ही सहा घरांचीसुद्धा अदलाबदलीची जागा झाली.

दुसरी आणि तिसरी ओळ घेतलीत तर फेरा पाचही स्तंभ फिरून मगच मिटतो. तिथे अख्ख्या दोन ओळींचीच अदलाबदल होऊ शकते. दोन्ही ओळींत मिळून एक अंक दिला की ती शक्यता संपते. यातून एक नियम हाती लागतो: कोड्यात एक ओळ पूर्ण रिकामी ठेवली तर चालेल, पण दोन ओळी पूर्ण रिकाम्या ठेवल्यात तर उत्तर एक येणं शक्य नाही. स्तंभांनाही हेच लागू. अंकांनाही लागू: दिलेल्या अंकांत १ ते ५ पैकी दोन अंक मुळीच नसतील, तर सगळ्या उत्तरात त्या दोघांची नावं बदलून दुसरं उत्तर मिळतं.

पाच ओळींच्या जोड्या दहा होतात. माझ्या चौकोनात त्या दहाही तपासायला चहा निवेपर्यंतचा वेळ लागला. छोटे फेरे फक्त पहिल्या ओळीबरोबरच्या चार जोड्यांत निघाले, प्रत्येकीत एक दोन स्तंभांचा आणि एक तीन स्तंभांचा. मग स्तंभांच्या जोड्या तशाच तपासल्या. तिथेही छोटे फेरे फक्त पहिल्या स्तंभाशी होते. अंकांच्या जोड्यांचाही फेरा असाच धरता येतो: एका १ पासून त्याच्या ओळीतल्या २ कडे, तिथून त्या स्तंभातल्या १ कडे, असं फिरत परत यायचं.

कुठले अंक ठेवायचे

आता एक गंमत दिसली. चार चौकड्या निघाल्या: पहिली आणि दुसरी ओळ, पहिली आणि तिसरी, पहिली आणि चौथी, पहिली आणि पाचवी. या चारांतही १-१ हे घर आहे. तो एक १ दिला की चारही चौकड्या एका फटक्यात बंद. अशी अनेक फेऱ्यांत सामायिक असलेली घरं आधी शोधायची, हेच हाताने कोडं रचण्याचं खरं कौशल्य.

मग १-२ मधला २. तो पहिल्या ओळीचे तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या ओळीशी असलेले तीन स्तंभांचे फेरे बंद करतो. पहिल्या-दुसऱ्या ओळीतला ३, ४, ५ चा फेरा उरला, त्यासाठी २-३ मधला ४. तोच पहिल्या-तिसऱ्या स्तंभातला तीन ओळींचा फेराही बंद करतो. उरलेल्या स्तंभांच्या फेऱ्यांसाठी ३-२ मधला ५, ५-४ मधला ३ आणि ४-५ मधला २. अंकांच्या जोड्यांचे छोटे फेरेही या सहांतच अडतात. सहा अंक झाले:

```
१ २ · · ·
· · ४ · ·
· ५ · · ·
· · · · २
· · · ३ ·
```

इथे थांबून कागद छापायला द्यायचा मोह होतो, कारण आपण सगळे फेरे बंद केलेत. पण दोन ओळींत, दोन स्तंभांत किंवा दोन अंकांत होणाऱ्याच अदलाबदली आपण तपासल्यात. तीन ओळींत पसरलेल्या अदलाबदली असतात आणि त्या फेरा धरून दिसत नाहीत. त्यांच्यासाठी एकच उपाय: कोऱ्या कागदावर कोडं उतरवायचं, उत्तराचा कागद पालथा ठेवायचा आणि परक्यासारखं सोडवायला बसायचं.

मी बसले. पहिल्या ओळीत १-३ ला ३ किंवा ५, १-४ ला ४ किंवा ५, १-५ ला तीन पर्याय. बाकी कुठेही एकच पर्याय उरलेलं घर नाही. एखाद्या अंकाला ओळीत किंवा स्तंभात एकच जागा उरलीय का तेही पाहिलं, तीही नाही. म्हणजे कोडं अडलं.

अडल्यावर आणखी एक अंक द्यावाच लागतो. तो अडलेल्याच घरात देऊ नका, असं माझं ठाम मत आहे. १-३ मध्ये ३ लिहून दिला की तिथे सोडवणाऱ्याला काही करायला उरत नाही. त्याऐवजी त्याच्या स्तंभात असा अंक द्या की १-३ चा एक पर्याय त्याने स्वतः खोडावा. तिसऱ्या स्तंभात ४-३ ला ५ आहे. तो दिला की १-३ मधून ५ जातो आणि ३ उरतो.

सात अंकांवर पुन्हा बसले. १-३ सुटला, पण १-४ आणि १-५ मध्ये ४ आणि ५ कुठला कुठे ते ठरेना. तेव्हा मुद्दाम चुकीची बाजू धरून पाहिली, म्हणजे १-४ ला ५ आणि १-५ ला ४. विरोध कुठेतरी येईल असं वाटलं होतं, पण चौकोन शेवटपर्यंत भरला:

```
१ २ ३ ५ ४
३ १ ४ २ ५
२ ५ १ ४ ३
४ ३ ५ १ २
५ ४ २ ३ १
```

मूळ उत्तराशी ताडून पाहा. शेवटच्या दोन ओळी जशाच्या तशा आहेत. बदल फक्त वरच्या तीन ओळींतल्या आठ घरांत आहे: पहिल्या ओळीत दोन, दुसरीत तीन, तिसरीत तीन. फेरे धरून न सापडलेली अदलाबदल ती हीच. या आठांपैकी कुठलंही एक घर दिलं की ती बंद होते. मी ३-५ मधला ४ घेतला, कारण तो पाचव्या स्तंभात आहे आणि १-५ चा प्रश्न लांबून सोडवतो.

आठ अंकांचं कोडं आणि त्याची परीक्षा

```
१ २ · · ·
· · ४ · ·
· ५ · · ४
· · ५ · २
· · · ३ ·
```

आता हे सोडवून बघू. प्रत्येक पायरी सक्तीची निघाली, कुठेही "समजा इथे ४ असेल" म्हणावं लागलं नाही, तर उत्तर एकच आहे हे त्याच क्षणी सिद्ध होतं.

१-३ ची ओळ १ आणि २ घालवते, स्तंभ ४ आणि ५ घालवतो. उरला ३. पहिल्या ओळीत आता ४ आणि ५ राहिले. पाचव्या स्तंभात ४ आहे, म्हणून १-५ ला ५ आणि १-४ ला ४.

पुढची पायरी मुलांना अवघड जाते, कारण इथे घराकडे न पाहता अंकाकडे पाहावं लागतं. ५ हा अंक धरा. तो पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत बसलाय, स्तंभ पाचवा, दुसरा आणि तिसरा. म्हणजे दुसऱ्या आणि पाचव्या ओळीतल्या ५ साठी पहिला आणि चौथा हे दोनच स्तंभ उरले. पाचव्या ओळीत चौथ्या स्तंभात ३ बसलाय. म्हणून ५-१ ला ५, आणि दुसऱ्या ओळीचा ५ जातो २-४ मध्ये.

चौथ्या स्तंभात आता १ आणि २ उरले. चौथ्या ओळीत २ आहे, म्हणून ४-४ ला १ आणि ३-४ ला २. तिसऱ्या ओळीत १ आणि ३ उरले. पहिल्या स्तंभात १ आहे, म्हणून ३-१ ला ३ आणि ३-३ ला १. तिसऱ्या स्तंभात फक्त २ उरला, तो ५-३ ला. पहिल्या स्तंभात २ आणि ४ उरले. दुसऱ्या ओळीत ४ आहे, म्हणून २-१ ला २ आणि ४-१ ला ४. चौथ्या ओळीत ४-२ ला ३ उरला. दुसऱ्या स्तंभात १ आणि ४, त्यांतला ४ दुसऱ्या ओळीत चालत नाही, म्हणून २-२ ला १ आणि ५-२ ला ४. शेवटी २-५ ला ३ आणि ५-५ ला १. मूळ चौकोन परत आला.

उलट परीक्षाही घ्यावी: यांतला एखादा अंक फुकट तर नाही ना? एकेक अंक झाकून बघायचा. मी आठही झाकून पाहिले आणि प्रत्येक वेळी दुसरं उत्तर निघालं. म्हणजे यांतला एकही अंक कमी करता येत नाही. त्यांतलं एक इथे दाखवते, कारण ते पाहून मी स्वतः दचकले होते. १-२ मधला २ झाका. बाकी सात तसेच. आता १-३ ला ३ ऐवजी २ सुद्धा चालतो. तो लिहून पुढे गेलं की तिसऱ्या स्तंभात १ आणि ३ उरतात. पाचव्या ओळीत ३ आहे, म्हणून ५-३ ला १ आणि ३-३ ला ३. असं सक्तीने पुढे जात जात हा चौकोन भरतो:

```
१ ४ २ ५ ३
५ ३ ४ २ १
२ ५ ३ १ ४
३ १ ५ ४ २
४ २ १ ३ ५
```

मूळ उत्तराशी घरोघर ताडून पाहा. दिलेले सात अंक सोडले तर उरलेल्या अठराही घरांत वेगळा अंक आहे. एक अंक झाकला आणि सगळा चौकोन पालटला. माझ्या जुन्या चुकीत चार घरांचा फरक होता आणि तो नजरेत भरला. असला फरक तपासणाऱ्याला दिसला तर त्याला वाटेल, मुलाने भलतंच काहीतरी भरलंय. म्हणून बक्षिसाचे कागद मी आता उत्तराशी ताडत नाही. आधी ओळी आणि स्तंभ तपासते, मग दिलेले अंक जागेवर आहेत का ते बघते.

सोपं-अवघड करणं आणि चेहरा बदलणं

आठ अंकांचं कोडं सातवी-आठवीला बरं. लहान मुलांसाठी आणखी तीन-चार अंक वाढवा. मूळ उत्तरातले अंक वाढवल्याने एकच उत्तर असण्याला धक्का लागत नाही. फक्त ते कुठे वाढवता ते बघा. पाचवीतल्या मुलांसाठी मी २-४ मधला ५ देते, म्हणजे अंकाकडे पाहायची ती अवघड पायरी निघून जाते आणि बाकीचं सगळं घराघराने सुटतं.

एकदा पक्कं झालेलं कोडं वर्षानुवर्षं वापरता येतं. ओळींची आपापसांत अदलाबदल करा, स्तंभांची करा, १ च्या जागी ४ आणि ४ च्या जागी १ अशी अंकांची नावं बदला. उत्तर एकच राहतं, कारण नियम फक्त ओळ आणि स्तंभ ओळखतो, त्यांचा क्रम ओळखत नाही. अंकांच्या जागी मोदक, जास्वंद, दूर्वा, उंदीर, शंख अशी चित्रं घातली तरी तेच. सुडोकूत मात्र एवढी मोकळीक नाही. तिथे ओळ आपल्या तीन ओळींच्या पट्ट्यातच हलवता येते, नाहीतर आतले छोटे चौकोन फुटतात.

अदलाबदल करून नवा कागद उतरवताना चूक होते ती नेहमी एकाच प्रकारची: अंक शेजारच्या स्तंभात पडतो. ओळीत तो दोनदा येत नसल्याने डोळ्यांना चूक दिसत नाही. म्हणून छापायच्या कागदावरूनच, उत्तर न बघता, एकदा पूर्ण सोडवा. मध्येच एखाद्या घरात एकही अंक बसेनासा झाला, तर उतरवण्यात चूक आहे असं समजा. दोन पर्याय उरून कोडं अडलं, तरीही पहिला संशय उतरवण्यावरच घ्या, कारण मूळ कोडं तुम्ही आधीच पारखलेलं आहे.

किती कमी अंकांत भागतं, हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतंच. चार बाय चारच्या चौकोनात कमीत कमी चार लागतात, पाच बाय पाचमध्ये सहा. नऊ बाय नऊच्या सुडोकूला सतरा. सोळा अंकांत एकच उत्तर असलेलं सुडोकू होऊ शकत नाही, हे गॅरी मॅकग्वायर यांच्या गटाने २०१२ साली संगणकावर सगळ्या शक्यता तपासून दाखवलं. पण कमी अंक म्हणजे अवघड असं नाही. वर जो सरकवत भरायचा चौकोन मी टाळायला सांगितला, त्यातूनच सहा अंकांचं कोडं निघतं. त्याच्या ओळी, स्तंभ आणि अंक हलवले की तिरक्या रेषाही लपून जातात. यंदाच्या शेवटच्या दिवशीचा कागद हाच आहे:

```
· · १ · ·
· · · · ·
३ · · ५ ·
· १ २ · ·
· · · ३ ·
```

दुसरी ओळ पूर्ण रिकामी, पाचवा स्तंभ पूर्ण रिकामा, आणि दिलेल्या अंकांत ४ कुठेच नाही. तिन्ही ठिकाणी एक-एकच रिकामं आहे, दोन नाहीत, म्हणून चालतं. घराघराने पर्याय लिहिलेत तर ३-३ आणि ४-४ मध्ये ४ लगेच सुटतो, पण अंकाकडे पाहूनही सुरुवात करता येते. ३ हा अंक धरा आणि चौथ्या ओळीत तो कुठे बसू शकतो ते बघा. ३ संपले की १ धरा. हे दोन अंक पूर्ण बसल्यावर बाकीचा चौकोन भराभर भरतो, आणि दुसरी ओळ २ ५ ३ १ ४ अशी आली तर तुमचा कागद बरोबर आहे.